कृष्णधवल पोर्ट्रेटमध्ये त्वचा मऊ आणि भरीव कशी ठेवायची

रंगीत फोटोत छान दिसणारा चेहरा कृष्णधवल केला की बऱ्याचदा तीनपैकी एक काहीतरी होतं. चेहरा राखेसारखा निस्तेज दिसतो, नाहीतर मेणाचा असल्यासारखा सपाट होतो, नाहीतर गालांवर आणि जबड्याखाली आधी कधी न दिसलेले काळपट डाग उमटतात. या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. रंगांच्या स्लायडरकडून प्रकाशाचं काम करून घेतलं जातं. चेहरा काळा वाटला की ऑरेंज स्लायडर उजवीकडे ओढायचा, ही सवय त्वचेचं सर्वात जास्त नुकसान करते.

इथे एकच उदाहरण घेऊन लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी प्रक्रिया शेवटपर्यंत नेली आहे. निफाड किंवा दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत, मांडवाच्या कडेला उभा असलेला साठीतला शेतकरी. सावळा, उन्हाने रापलेला चेहरा, चार दिवसांची पांढरी खुरटी दाढी, डोक्यावर पांढरी टोपी. जानेवारी महिना, दुपारचे चार, काढणी सुरू झालेली. चेहऱ्याची डावी बाजू दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेकडे आहे, तिथून आकाशाचा मऊ उजेड येतो. उजवी बाजू पानांच्या सावलीत आहे. हे उदाहरण मुद्दाम अवघड निवडलं आहे, कारण पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि तो त्वचेवर पडतो. रंगीत फोटोत डोळा तो खपवून घेतो, कृष्णधवलमध्ये मात्र तो महागात पडतो.

त्वचेचा रंग आणि तीन चॅनल

माणूस गोरा असो, गव्हाळ असो की काळा, त्वचेची रंगछटा नारिंगीच्या आसपासच असते. फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या दाटपणाचा. ओठ, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा इथे रक्त पृष्ठभागाजवळ असल्यामुळे छटा लालकडे झुकते. कपाळ आणि मान थोडी पिवळ्याकडे जाते. म्हणजे एकाच चेहऱ्यावर लाल, नारिंगी आणि पिवळा असे तीन शेजारी नांदत असतात आणि त्यांच्यातली सीमा कधी गालावरून जाते, कधी जबड्यावरून.

आता हाच चेहरा लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलमध्ये वेगवेगळा पाहा. लाल चॅनलमध्ये त्वचा उजळ आणि गुळगुळीत दिसते. लाल प्रकाश त्वचेत खोलवर शिरतो, आत विखुरतो आणि मग बाहेर येतो, त्यामुळे वरचे डाग पुसट होतात. हिरव्या चॅनलमध्ये सुरकुत्या, रंध्रं, गालावरची लाली हे सगळं ठळक होतं, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं. निळ्या चॅनलमध्ये त्वचा सर्वात काळी आणि सर्वात खडबडीत दिसते. मेलॅनिन निळा प्रकाश भरपूर शोषतं, त्यामुळे सावळ्या त्वचेवरून निळा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत कमीच परततो आणि तिथे नॉइज जास्त उरतो.

त्वचेची मऊ पोत लाल चॅनलमधून येते आणि चेहऱ्याचा बांधा, त्याचं वय, त्याचं व्यक्तिमत्त्व हिरव्यातून. फक्त लाल घेतलात तर ओठ त्वचेत विरघळून जातात आणि माणूस ओळखीचा राहत नाही. निळ्याचा वाटा वाढवलात तर सुंदर चेहराही रोगट दिसतो. स्लायडर कुठल्याही नावाचे असोत, आपण शेवटी या तीन चॅनलचं प्रमाणच ठरवत असतो.

रूपांतराआधी रंग नीट करा

कृष्णधवल करायचंच आहे तर रंग कशाला सुधारायचे, असं वाटणं साहजिक आहे. पण B&W Mixer, म्हणजे कृष्णधवल करताना कुठला रंग किती उजळ किंवा गडद दिसावा हे ठरवणारा स्लायडरचा संच, प्रत्येक बिंदूची रंगछटा बघून ठरवतो की त्या बिंदूवर कुठला स्लायडर चालणार. छटा चुकली तर त्वचा भलत्याच स्लायडरच्या ताब्यात जाते.

फाईल शक्यतो रॉ असावी. लाइटरूम क्लासिकमध्ये ती रंगीतच ठेवा आणि व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टोपीच्या त्या भागावर टेका जिथे मोकळ्या आकाशाचा उजेड पडला आहे. टोपीची पानांकडची बाजू घेऊ नका. ती स्वतःच हिरवी झालेली असते, आणि ती पांढरी धरली की उरलेला सगळा फोटो जांभळट होतो.

मग कर्सर चेहऱ्यावर फिरवत हिस्टोग्रामखालचे टक्के वाचा. आपल्या उदाहरणात डाव्या गालावर लाल 58, हिरवा 43, निळा 33 असे आकडे आहेत. उजव्या गालावर, पानांच्या सावलीत, लाल 27, हिरवा 26, निळा 15. नुसत्या डोळ्यांना दुसरा गाल फक्त अंधारा वाटतो. खरी गोष्ट कळण्यासाठी एक छोटं गणित पुरतं, त्यात R म्हणजे लाल, G हिरवा आणि B निळा:

```
(G - B) / (R - B)
```

डाव्या गालासाठी हे 10 भागिले 25, म्हणजे 0.4 येतं. उजव्यासाठी 11 भागिले 12, म्हणजे 0.9 च्या वर. शून्य म्हणजे शुद्ध लाल, एक म्हणजे शुद्ध पिवळा, आणि निरोगी त्वचा साधारण 0.3 ते 0.6 मध्ये बसते. म्हणजे उजवा गाल छटेने नारिंगी राहिलेलाच नाही, तो पिवळा झाला आहे. जबड्याखाली, जिथे पानांचा उजेड आणखी जास्त आहे, हिरव्याचा आकडा लालच्याही वर जातो. तिथली त्वचा सॉफ्टवेअरच्या लेखी पाल्याच्या गटात जाते. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे थोडे वेगळे दिसतात, म्हणून एकाच फोटोतल्या दोन जागांची आपसात तुलना करण्यासाठीच त्यांचा वापर करा.

उपाय मास्कचा. चेहऱ्याची सावलीची बाजू आणि मान ब्रशने रंगवा, Feather 80 च्या पुढे ठेवा म्हणजे कडा दिसणार नाही. त्या मास्कमध्ये टिंट +20 पासून सुरू करून मॅजेंटाकडे सरकवा आणि आकडे वाचत राहा. उजवा गाल लाल 29, हिरवा 22, निळा 15 च्या जवळ आला की गणित 0.5 देतं आणि तो परत नारिंगीत येतो. जबड्याखाली हे पुरलं नाही तर तेवढ्या भागासाठी दुसरा लहान मास्क करून आणखी +10 द्या. गाल गुलाबी दिसायला लागला तर जास्त झालं. दोन्ही गाल तंतोतंत सारखे करायची गरज नाही, एका गटात आले की पुरे.

हाच टप्पा लोक सर्वात जास्त गाळतात. पुढे जबड्याखाली काळा डाग दिसला की मग ते हीलिंग ब्रश घेऊन बसतात. डाग त्वचेवर नसतोच.

रंगीत अवस्थेतच आणखी एक गोष्ट बघून घ्या. Detail पॅनलमधला रंगीत नॉइजचा Color स्लायडर रॉ फाईलला आपोआप 25 वर असतो. तो शून्य करू नका. रंगाचे बारीक ठिपके मिक्सरमधून गेले की उजळ-गडद ठिपके होतात आणि त्वचा वाळूसारखी दिसते. जास्त आयएसओवर, म्हणजे 3200 वगैरे, 100 टक्के झूम करून तो 40 पर्यंत न्या.

मिक्सर: तीन शेजारी एकत्र

आता V दाबा. फोटो कृष्णधवल होतो आणि HSL च्या जागी B&W Mixer येतो. आठही स्लायडर शून्यावर आहेत याची खात्री करा. सॉफ्टवेअरने आपोआप सुचवलेलं मिश्रण पूर्ण फ्रेमचा विचार करून केलेलं असतं, त्यात चेहऱ्याला वेगळा मान नसतो.

सुरुवात शून्यापासून करायची आणि त्वचेच्या तीन स्लायडरना, रेड, ऑरेंज आणि यलोला, एकाच दोरीने बांधल्यासारखं हलवायचं. त्यांच्यात एकमेकांपासून 15 पेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. ऑरेंज +40 आणि रेड -20 असं केलं तर नारिंगी आणि लाल छटांमधली जी सीमा गालावरून जाते, तिच्या एका बाजूला त्वचा उजळते आणि दुसऱ्या बाजूला काळवंडते. रंगीत फोटोत ती सीमा दिसत नव्हती, कारण दोन्ही बाजूंचा उजळपणा सारखा होता. अंतर वाढलं की ती नकाशावरच्या रेषेसारखी उमटते.

आपल्या शेतकऱ्यासाठी ऑरेंज +6, रेड +2 आणि यलो 0 पुरतात. हे आकडे इतके लहान आहेत की काहीच केलं नाही असं वाटेल. बरोबर आहे, आधी रंग नीट केल्यामुळे करण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

पार्श्वभूमीचा पाला गडद करून चेहरा पुढे आणायचा मोह होतो. ग्रीन -20 पर्यंत नेऊन बघा. फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसेल, कारण उन्हाने उजळलेली द्राक्षाची पानं सॉफ्टवेअरला हिरवी कमी आणि पिवळी जास्त वाटतात. मग हात यलोकडे जातो. तिथेच थांबा. यलो -40 केला की पानं सुरेख काळी होतात, आणि त्यांच्यासोबत कपाळाची कड, मान आणि सावलीतला गालही मळकट होतो. पानं गडद करायची तर पार्श्वभूमीचा वेगळा मास्क करा आणि त्यात एक्सपोजर -0.6 द्या. त्वचेचा आणि पानांचा रंग जिथे एकमेकांत मिसळतो तिथे रंगाने वेगळं करता येत नाही, जागेने करावं लागतं.

ऑरेंज वाढवला की चेहरा सपाट का होतो

मिक्सरचा परिणाम रंग जितका दाट तितका जास्त होतो. कपाळावर, नाकाच्या दांड्यावर, गालाच्या हाडावर जी चमक असते तिला त्वचेचा रंग नसतोच, ती आकाशाच्या उजेडाचं प्रतिबिंब असते. आपल्या फोटोत कपाळाच्या चमकेवर लाल 84, हिरवा 79, निळा 73 आहे, म्हणजे जवळपास पांढरट. ऑरेंज कुठेही न्या, ही जागा फारशी हलत नाही. हलते ती तिच्या आजूबाजूची रंगीत त्वचा.

म्हणून ऑरेंज वर नेला की सगळी त्वचा उजळत चमकेच्या जवळ जाते आणि चेहऱ्याचा उंचसखलपणा निघून जातो. मेणाचा चेहरा हाच. ऑरेंज खाली नेला की त्वचा गडद होते, चमक तिथेच राहते आणि कपाळ तेलकट, घामेजलेलं दिसतं. पांढऱ्या खुरट्या दाढीचंही असंच. दाढीच्या केसांना रंग नाही, त्यामुळे ऑरेंज वाढला की ती त्वचेत हरवते आणि कमी केला की एकेक केस टोचल्यासारखा उठून दिसतो. दाढीवर नजर ठेवून ऑरेंज लावणं ही वयस्क पुरुषाच्या पोर्ट्रेटसाठी सर्वात भरवशाची खूण आहे. केस दिसले पाहिजेत, पण आधी त्वचा दिसली पाहिजे.

सावळ्या त्वचेचा भरीवपणा याच तणावातून येतो. मधल्या गडद छटा आणि त्यांच्यावर छोटी, स्वच्छ चमक. त्या मधल्या छटा उचलून वर नेल्या तर त्वचा गोरी होत नाही, ती राखाडी होते. रापलेला माणूस रापलेलाच दिसायला हवा. आपल्याकडे फोटो उजळ करून देण्याची मागणी होते हे खरं, पण ती एक्सपोजरने आणि मोजून पुरवावी, मिक्सरने नाही.

प्रकाशाचं काम प्रकाशाच्या स्लायडरकडे

मिश्रण ठरलं की आता चेहऱ्याच्या छटा जागेवर बसवायच्या. कृष्णधवलमध्ये हिस्टोग्रामखालचे तिन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे वाचायला सोपं जातं. गव्हाळ चेहऱ्याचा उजेडातला गाल 50 ते 60 टक्क्यांत ठेवला तर नैसर्गिक वाटतो. सावळ्यासाठी 42 ते 50, अगदी काळ्या त्वचेसाठी 32 ते 42. सावलीचा गाल याच्या निम्म्याच्या आसपास. हे नियम नाहीत, सुरुवातीच्या खुंट्या आहेत.

आपल्या फोटोत डावा गाल 48, उजवा 22, कपाळाची चमक 80 आणि टोपीचा सर्वात उजळ भाग 92 असं बसवायचं आहे. त्यासाठी एक्सपोजर +0.10 आणि हायलाइट्स -20 देऊ. हायलाइट्स टोपीसाठी आहेत. टोपी 98 च्या वर गेली की कापडाची वीण जाते आणि डोक्यावर पांढरी भोकं दिसतात. शॅडोज स्लायडर मात्र जपून वापरा. +30, +40 केला की उजवा गाल 30 च्या पुढे जातो, चेहऱ्याची एक बाजू दुसरीची नक्कल करायला लागते आणि मांडवाखालच्या उजेडाची जाणीवच संपते. +8 ठेवा.

कॉन्ट्रास्टसाठी कॉन्ट्रास्ट स्लायडरऐवजी टोन कर्व्ह घ्या, कारण तिथे कुठल्या छटा ताणायच्या हे तुम्ही ठरवता. सावळा चेहरा साधारण 20 ते 50 टक्क्यांच्या पट्ट्यात असतो, म्हणून तिथेच उतार थोडा वाढवायचा. 22 चा बिंदू 20 वर आणा, 48 चा बिंदू 50 वर न्या, 80 चा बिंदू 80 वरच खिळवा. दोनच टक्क्यांचे बदल आहेत, पण चेहऱ्याच्या दोन बाजूंमधलं अंतर 26 वरून 30 होतं आणि गालाचं हाड उभं राहतं. 80 चा बिंदू खिळवला नाही तर कपाळाची चमकही वर सरकते आणि टोपीशी स्पर्धा करायला लागते.

क्लॅरिटी चेहऱ्याच्या त्वचेवर वापरू नका. ती मधल्या छटांमधला स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवते, आणि त्वचेवरचे सगळे डाग नेमके मधल्या छटांमध्येच असतात. टोपीची वीण, हाताच्या रेषा, पाटीतल्या द्राक्षांचा गोलवा यासाठी ती वेगळ्या मास्कमध्ये +15 ठीक आहे. चेहऱ्यावर फक्त Facial Skin चा मास्क घेऊन Texture -8 करा. -30 च्या पुढे रंध्रं पुसली जातात आणि साठीतला माणूस बाहुल्यासारखा दिसतो. त्वचा मऊ दिसायला हवी म्हणजे एका छटेतून दुसऱ्या छटेत जाणं सलग हवं. सुरकुत्या जायला हव्यात असं नाही.

डोळ्यांकडे वेगळं पाहावं लागतं. मांडवामुळे डोळ्यांच्या खोबणी 12-13 टक्क्यांवर असतात. लहान ब्रशने दोन्ही खोबणींना एक्सपोजर +0.3 द्या. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग 55 च्या वर नेऊ नका. तो चेहऱ्याच्या उजळ गालापेक्षा फार पुढे गेला की नजर भुतासारखी वाटते.

त्वचा कुठे तुटते ते शोधायची रीत

काम झाल्यावर एक तपासणी करा. ऑरेंज थोडा वेळ +60 वर न्या, मग -60 वर. या टोकांना त्वचेतले सगळे छुपे सांधे उघडे पडतात. कुठे ठिपक्यांचे पुंजके दिसतील, कुठे नाकपुडीच्या कडेला काळी रेघ, कुठे जबड्याच्या कडेला पांढरी किनार. त्या जागा लक्षात ठेवा, ऑरेंज परत +6 वर आणा आणि 200 टक्के झूम करून त्याच जागा पुन्हा बघा. सौम्य मिश्रणात त्या दिसत नसतील तर विषय संपला. दिसत असतील तर कारण ओळखायचं आहे.

सगळीकडे पसरलेले बारीक ठिपके असतील तर रंगीत नॉइज, त्याचा स्लायडर वाढवा. रुपयाच्या नाण्याएवढा एकच काळपट ठिपका असेल आणि त्याच्या कडा मऊ असतील, तर तिथे छटा लाल किंवा पिवळ्याकडे सरकली आहे. परत V दाबून रंगीत करा, त्या ठिपक्याचं वरचं गणित काढा आणि स्थानिक टिंट किंवा तापमानाने त्याला आजूबाजूच्या त्वचेत आणा. किनार पांढरी असेल तर बहुधा मास्कचा Feather कमी पडला आहे. आणि सरळ रेषांचे चौकोन दिसत असतील तर दोष फाईलचा आहे, त्याबद्दल पुढे.

शेवटी Grain थोडासा द्या. Amount 12, Size 20, Roughness 40. जेपेगमध्ये करड्या छटा फक्त 256 असतात, त्यामुळे कपाळासारख्या सलग उतारावर पायऱ्या दिसू शकतात. दाणा त्या पायऱ्या मोडतो. शिवाय Texture कमी केलेली त्वचा आणि न केलेली टोपी यांना तो एका पोताखाली आणतो.

लाइटरूम नसेल तर

फोटोशॉपच्या Black & White ॲडजस्टमेंट लेयरमध्ये ऑरेंज स्लायडरच नाही. तिथे त्वचा Reds आणि Yellows यांच्या मध्ये पडते, आणि ते मुळात 40 आणि 60 वर असतात. आपल्या फोटोसाठी 55 आणि 65 ठेवले की डावा गाल 48 च्या जवळपास येतो. अंतर 20 वरून 10 झालं, म्हणून त्वचाही जास्त सलग दिसते. या लेयरच्या खाली एक Hue/Saturation लेयर ठेवता येतो, आणि फोटोशॉपची हीच मोठी सोय आहे. त्यात Reds निवडा, ड्रॉपर लालसर डागावर टेका आणि Hue +6 ते +8 करा. लाल डाग नारिंगीकडे सरकतात आणि वरच्या कृष्णधवल लेयरमध्ये आपोआप मिसळून जातात. ओठांवरून मात्र Hue/Saturation लेयरचा परिणाम मास्कने पुसून घ्या, नाहीतर तेही मिसळतील.

फुकटच्या गिंपमध्ये Mono Mixer आहे. लाल 0.50, हिरवा 0.45, निळा 0.05. बेरीज 1 ठेवायची. बेरीज 1.2 झाली तर फोटो उजळला असं वाटतं, पण टोपी आणि कपाळाची चमक कापली जाते आणि ती पुढे परत मिळत नाही. चेहरा खूप खरखरीत असेल तर लाल 0.60 आणि हिरवा 0.35 करा. त्यापुढे ओठ पुसट होतात. Mono Mixer रंगछटांचे गट पाडत नाही, सगळीकडे एकच प्रमाण लावतो, त्यामुळे त्यात नकाशाच्या रेषा उमटण्याची भीतीच नाही. अवघड त्वचेसाठी हा साधा मार्ग कित्येकदा आठ स्लायडरपेक्षा चांगला ठरतो.

मोबाइलवरून मेसेजमध्ये आलेल्या फोटोसाठी तर हाच मार्ग धरा. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेकदा उजळपणापेक्षा कमी रिझोल्यूशनवर साठवलेली असते आणि वर दाबलेली असते. मिक्सर नेमक्या त्या तुटपुंज्या माहितीवर चालतो. त्यामुळे ऑरेंज +15 च्या पुढे गेला की गालावर चौकोन दिसायला लागतात. अशा फाईलवर मिक्सर वापरलाच तर त्वचेचे तिन्ही स्लायडर ±10 च्या आत ठेवायचे, आणि फाईल 16 बिटमध्ये बदलून हरवलेलं काही परत येत नाही.

कुंकू आणि हळद

रेड स्लायडर -25 केला की कुंकू छान गडद होतं, पण ओठ, कान आणि नाकाचा शेंडाही त्याच्या मागे जातात. कुंकवासाठी लहानसा ब्रश घेऊन एक्सपोजर -0.4 करणं केव्हाही बरं. त्वचेच्या दोरीतून रेडला सोडवू नका.

हळदीच्या समारंभातले फोटो वेगळेच असतात. हळद निळा प्रकाश शोषते, लाल आणि हिरवा परत पाठवते. म्हणून निळा शून्य असलेल्या मिश्रणात, म्हणजे लाल 0.50 आणि हिरवा 0.50 मध्ये, गालावरची हळद जवळपास नाहीशी होते आणि नवरीचा चेहरा स्वच्छ येतो. हळद दिसायला हवी असेल तर निळा 0.15 पर्यंत वाढवा आणि लाल तेवढा कमी करा. मग ती गडद फटकाऱ्यांसारखी दिसते. त्यापुढे गेलात तर तीच हळद चिखल वाटते. लाइटरूममध्ये अशा चेहऱ्यावर त्वचेचा मुख्य स्लायडर ऑरेंज राहत नाही, यलो होतो.

छापताना

स्क्रीनचा प्रकाश पूर्ण ठेवून काम केलं असेल तर प्रिंट काळी येते आणि दोष लॅबला दिला जातो. घरच्या खोलीत स्क्रीन 100 ते 120 कॅन्डेला प्रति चौरस मीटर पुरे असते. मोजायचं साधन नसेल तर स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धरा. स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदापेक्षा दिव्यासारखा भासत असेल तर ब्राइटनेस उतरवा.

लॅबमधल्या रंगीत फोटोपेपरवर कृष्णधवल छापलं की किंचित हिरवी किंवा मॅजेंटा झाक येऊ शकते, कारण तिथे करडा रंगही तीन रंगांतूनच बनतो. त्वचेच्या मधल्या छटांमध्ये ती लगेच कळते. यावर एक उपाय म्हणजे आपणच हलकी उबदार झाक ठरवून द्यायची. Color Grading मध्ये मिडटोन्सला Hue 38, Saturation 5. एवढ्याने फोटो तपकिरी होत नाही, पण मशीनची छोटीशी चूक त्यात झाकली जाते. हिरवी झाक जास्त असेल तर मात्र हेही पुरत नाही, लॅबला प्रिंट परत करावी.

8 बाय 12 इंचासाठी 2400 बाय 3600 पिक्सेल, sRGB, आरजीबी मोडमध्येच, ग्रेस्केल करून नाही. मोठी प्रिंट काढण्याआधी फक्त चेहऱ्याचा भाग कापून 4 बाय 6 ची चाचणी काढा, पण मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा जेवढा येणार आहे तेवढ्याच आकारात, कारण लहान केलेली त्वचा नेहमीच जास्त गुळगुळीत दिसते. कागद मॅट असेल तर काळे थोडे वर येतात आणि सावलीचा गाल मानेत मिसळू शकतो. त्यासाठी मॅटची वेगळी फाईल करून कर्व्हवर 20 चा बिंदू 22 वर आणि 10 चा बिंदू 8 वर न्या. चाचणीची प्रिंट दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न लागणाऱ्या जागी बघा. जबड्याची रेषा मानेपासून वेगळी दिसली, दाढीचे केस मोजता आले नाहीत पण जाणवले, आणि टोपीची वीण दिसली, तर मोठी प्रिंट द्यायला हरकत नाही.